जून ते ऑक्टोबर

मुलाखत घ्यायला बसलो की मी कोऱ्या कागदावर डावीकडे एक उभी रेघ ओढतो. रेघेच्या उजवीकडे उमेदवार जे सांगेल ते लिहायचं आणि डावीकडे फक्त तारखा. तासाभराने कागद भरतो. मग मी उजवी बाजू हाताने झाकतो आणि आधी डावी वाचतो. ही सवय मला एका जुन्या वरिष्ठांनी लावली. माणूस काय करतो हे तो छान सांगू शकतो, पण कधी केलं हे सांगताना त्याची पंचाईत होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलाखत असते ती इंजिनीअरिंग मॅनेजरच्या जागेसाठी. सॉफ्टवेअर कंपनीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर हा माणूस आठ-दहा वर्षं स्वतः कोड लिहीत असतो, त्यात हुशार असतो, आणि एके दिवशी त्याच्या हाताखाली सहा ते दहा माणसं दिली जातात. त्या दिवसापासून त्याचं मूळ काम सुटतं. कोड आता ती माणसं लिहिणार. याने माणसं निवडायची, ती नीट काम करतात की नाही पाहायचं आणि कोणतं काम आधी, कोणतं नंतर हे ठरवायचं. त्यामुळे अशा उमेदवाराला फळ्यावर कोडं घालून फारसं कळत नाही. त्याला तीन गोष्टी विचाराव्या लागतात. माणूस कसा घेतलात? कुणाचं काम नीट होत नव्हतं तेव्हा काय केलंत? आणि तारीख गाठायची होती पण आतला कोड किडलेला होता, तेव्हा कुणाचं ऐकलंत?

हे तीन प्रश्न विचारले जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. उत्तरं पाठ करून येतात. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम असा चार खणांचा साचा शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्या साच्यातून निघालेली उत्तरं गुळगुळीत असतात. माणूस कमी पडत होता, मी त्याच्याशी संवाद साधला, त्याला आधार दिला, तीन महिन्यांत तो टीममधला उत्तम माणूस झाला. मी इतकी वर्षं हे ऐकतोय की महाराष्ट्रात कमी पडणारा इंजिनीअर आता एकही उरला नसावा.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. मराठी माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणतो. “आम्ही ठरवलं”, “आम्ही त्यांना समजावलं”. ती नम्रता असते, पण मुलाखतीत तिच्यामागे नेमका निर्णय कुणाचा होता हे हरवतं. मुलाखत अर्थात इंग्रजीत चालते. तरी समोरचा मराठी निघाला की अर्ध्या तासाने भाषा घसरतेच, आणि त्याबरोबर हा ‘आम्ही’ही येतो. मग विचारावं लागतं, “म्हणजे तुम्ही स्वतः काय केलंत?”

मध्यंतरी घेतलेली एक मुलाखत इथे सांगतो. उमेदवाराची ओळख पटू नये म्हणून त्याच्या कंपनीबद्दलचे तपशील बदलले आहेत. तारखा मात्र बदललेल्या नाहीत, कारण त्या बदलल्या तर सांगायला काही उरत नाही.

हा गृहस्थ आठ जणांच्या टीमचा मॅनेजर होता. घाऊक व्यापाऱ्यांना बिलं बनवायला लागणारं सॉफ्टवेअर त्यांची कंपनी बनवायची. पहिला प्रश्न माणूस घेण्याबद्दलचा. त्याने सांगितलं की ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याकडचा एक अनुभवी इंजिनीअर सोडून गेला. नोव्हेंबरमध्ये नवा माणूस मिळाला, ऑफर दिली, त्याने स्वीकारली. पण त्याचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. आपल्याकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत तो तेवढा असतो आणि ही एक अजब व्यवस्था आहे. तीन महिने माणूस जुन्या कंपनीत बसून असतो, हातात एक ऑफर असते आणि तीच दाखवून तो आणखी दोन मिळवतो. इथेही तेच झालं. फेब्रुवारीत रुजू व्हायच्या आदल्या शुक्रवारी त्याचा निरोप आला की येत नाही.

जागा रिकामी होऊन चार महिने झाले होते. वरून विचारणा सुरू झाली. मार्चमध्ये एक ‘इमिजिएट जॉइनर’ सापडला, म्हणजे आधीच राजीनामा देऊन नोटीस संपवत आलेला. अनुभव सात वर्षांचा. चौघांनी मुलाखती घेतल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो रुजू झाला.

“चौघांची मतं कशी होती?” मी विचारलं.

“तिघं हो म्हणाले. एकाला थोडी शंका होती.”

“कसली?”

तो क्षणभर थांबला. “त्याने दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला दिला होता. स्वतः लिहिताना हा चांगला होता, पण परक्या कोडमध्ये अडकला. आणि अडकलोय असं बोलला नाही. वीस मिनिटं गप्प बसला.”

“ते मत लेखी होतं?”

“नाही. चौघं एकत्र बसलो तेव्हा तो बोलला. मग बाकीचे म्हणाले, मुलाखतीत घाबरतात माणसं. मीही तसंच म्हणालो.”

नोकरीच्या मुलाखतींवर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलेलं आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा ठरलेल्या प्रश्नांची, ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते, असं त्यातून दिसलं. पुढे इतरांनी त्यातली आकडेमोड दुरुस्त केली, पण एवढा मुद्दा टिकून राहिला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे, आणि मुलाखत संपल्यावर कुणाशीही बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं मत कारणासकट लिहून टाकायचं. चौघं एका खोलीत जमले की जो आधी बोलतो, किंवा ज्याच्या हातात बढती असते, त्याच्याकडे बाकीचे झुकतात. शंका असलेला चौथा माणूस शंका गिळतो. इथे चौथ्याने गिळली नाही, पण ती बुडाली. बुडवणारा होता मॅनेजर, कारण त्याला जागा भरायची घाई होती. लेखी असती तर निदान पुन्हा वर काढता आली असती. त्या एका शंकेवर अर्ध्या तासाची आणखी एक फेरी घ्यायला दोन दिवस लागले असते.

मी डावीकडे लिहिलं, “एप्रिल २५, रुजू”. आणि पुढे गेलो.

दुसरा प्रश्न. त्याने टीममधल्या एका वरिष्ठ इंजिनीअरची गोष्ट सुरू केली. कामाला उशीर, तीन दिवसांच्या कामाला आठ दिवस, रिव्ह्यूमधून कोड परत येणं, शेजारच्या मुलीने गुपचूप त्याचं काम उरकून देणं. माणूस शांत, भांडण नाही, वेळेवर येतो, पण काम पुढे सरकत नाही. “मग ऑक्टोबरमध्ये मी त्याच्याशी स्पष्ट बोललो.”

“पहिल्यांदा लक्षात कधी आलं?”

“जूनमध्ये.”

“हा टीममध्ये कधी आला?”

“एप्रिलमध्ये.”

डावीकडे दोन वेळा एप्रिल लिहिला गेला होता. मी कागदाकडे पाहिलं आणि त्याच्याही ते लक्षात आलं. “हो,” तो म्हणाला, “तोच.”

“मग जून ते ऑक्टोबर?”

इथे बहुतेक उमेदवार ‘निरीक्षण करत होतो’ असं म्हणतात. हा म्हणाला, “सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले. आमची सगळी टीम त्यात होती.”

हे खरंच होतं. पण जीएसटी परिषदेने तो निर्णय जाहीर केला ३ सप्टेंबर २०२५ला आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरपासून. जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने त्यात बसत नाहीत. मी तसं म्हटलं. तो हसला, मग हसू मावळलं. “खरं सांगू? मीच त्याला घेतला होता. चौघांत एकजण नको म्हणत होता. लगेच चार महिन्यांत तो कमी पडतोय म्हणायचं, म्हणजे मीच चुकलो म्हणायचं. वाटलं, सुधारेल.”

या एका वाक्यासाठी मी तासभर बसतो. माणूस घेताना केलेली घाई आणि नंतर न बोलणं या दोन वेगळ्या चुका दिसतात, पण दुसरी पहिलीच्या पोटातून निघालेली असते. ज्याला आपण आग्रहाने आणलं त्याच्याबद्दल वाईट ऐकायला मन तयार नसतं. आणि या काळात नुकसान होतं ते दोन जणांचं. एक, त्याचं काम उरकणारी शेजारची मुलगी. दोन, तो स्वतः. चार महिने त्याला सगळे ‘चालू आहे ना?’ विचारत होते, तो ‘चालू आहे’ म्हणत होता, आणि ऑक्टोबरमध्ये अचानक कळलं की जूनपासूनचा हिशोब लिहून ठेवलेला आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात झालेलं ते बोलणं कसं झालं, हे मी खोदून विचारलं. आधी त्याने एक मसुदा केला होता. त्यात होतं, ‘ओनरशिप वाढवावी, प्रोअ‍ॅक्टिव्ह राहावं, संवाद सुधारावा’. पाठवण्याआधी त्याने तो स्वतःला लावून पाहिला. सोमवारी सकाळी उठून प्रोअ‍ॅक्टिव्ह राहायचं म्हणजे काय करायचं? उत्तर येईना. मग त्याने विशेषणं काढून टाकली आणि फक्त दिसलेल्या गोष्टी ठेवल्या. अमुक तारखेचं अमुक काम, अंदाज तीन दिवसांचा, लागले आठ. तिसऱ्या दिवशी स्टँड-अपला, म्हणजे रोज सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत, ‘चालू आहे’ एवढंच सांगितलं. अशी चार कामं. चारच, पण तारखांसकट.

अँडी ग्रोव्ह हे इंटेलचे प्रमुख होते. १९८३ साली व्यवस्थापनावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी म्हटलंय की माणूस काम करत नसेल तर त्याला दोनच कारणं असतात, त्याला येत नाही किंवा त्याला करायचं नाही. मला ही विभागणी उपयोगी वाटते, पण अपुरी. माझ्या अनुभवात तिसरं कारण निम्म्या वेळा निघतं. ते काम मुळात सांगितलंय तेवढं सोपंच नसतं.

या उमेदवाराने ते तिसरं कारण तपासलं, आणि माझ्या दृष्टीने मुलाखतीतला सगळ्यात चांगला भाग तोच होता. त्या माणसाकडे होता बिलिंगचा जुना भाग, जिथे कुणी आनंदाने जात नसे. नोव्हेंबरमध्ये मॅनेजरने अदलाबदल केली. त्याच जातीचं एक काम, तीन दिवसांच्याच अंदाजाचं, टीममधल्या सर्वांत तरबेज इंजिनीअरला दिलं. आणि याला दिलं स्टॉकच्या अहवालांचं, तेवढ्याच आकाराचं काम. तो भाग नवा होता, स्वच्छ लिहिलेला होता आणि बदल केला की आपोआप तपासणी होत होती.

तरबेज इंजिनीअरला बिलिंगमध्ये सहा दिवस लागले. याला स्टॉकमध्ये चार.

म्हणजे तीन दिवसांचा अंदाजच खोटा होता. आठ दिवस लागले म्हणून याच्या नावावर पाच दिवसांची ढिलाई मांडली जात होती, त्यातले तीन त्या कोडचे होते आणि याचे दोन. एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही, हे त्यानेही कबूल केलं. पण बोलण्याचा सूर त्याने बदलला. उशीर निम्म्याहून कमी याचा आहे आणि गप्प बसणं मात्र पूर्ण याचं आहे, असं त्याने त्याला सांगितलं. मग लेखी ठरलं ते असं. कामाने अंदाजाच्या दीडपट वेळ घेतला की त्याच दिवशी टीमच्या चॅनलवर कुठे अडलं ते लिहायचं. मोठा बदल आठवडाभर साठवून रिव्ह्यूला पाठवायचा नाही, तुकडे करून पाठवायचा. आणि खाली मॅनेजरच्या नावाने दोन ओळी होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास मी तुझ्याबरोबर बसणार. बिलिंगमधल्या कामांचे अंदाज मी दुप्पट करणार. मुदत सहा आठवड्यांची.

एचआरला यापेक्षा पीआयपी हवा होता. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. कागदावर ती सुधारण्याची संधी असते, तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची. प्रत्यक्षात बऱ्याच ऑफिसांत पीआयपीचं पत्र हातात पडलं की माणूस त्याच संध्याकाळी रेझ्युमे अपडेट करतो, आणि त्याचं ते चूक असतं असं मी म्हणणार नाही. पीआयपी खरा की निरोपाचा नारळ, हे ओळखायची खूण या उमेदवाराने सांगितली ती मला पटली. त्यातली उद्दिष्टं टीममधल्या सर्वांत चांगल्या माणसाला लावून पाहायची. त्याला ती तेवढ्या मुदतीत जमणार नसतील, तर ती सुधारण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. इथे तीन दिवसांच्या अंदाजावर पीआयपी लिहिला असता तर तरबेज इंजिनीअरही नापास झाला असता.

“सहा आठवड्यांनी?”

“नऊ कामं झाली. तीन लांबली. त्यातल्या दोन वेळा त्याने त्याच दिवशी सांगितलं, एकदा नाही.”

“मग उत्तम माणूस झाला का तो?”

“नाही.” हे त्याने लगेच सांगितलं. “काम करतो, पण सात वर्षांच्या अनुभवाच्या माणसाचं नाही, चार वर्षांच्या माणसाचं. तसं त्याला डिसेंबरमध्ये सांगितलं. पगारवाढ दिली नाही. आता तो स्टॉकच्या कामावर आहे. खूश नाही तो. पण अडला की सांगतो.”

गुळगुळीत उत्तरांच्या ढिगात असं खरबरीत उत्तर आलं की मी ते अधोरेखित करतो. माणूस सुधारला किंवा माणूस गेला असे दोनच शेवट लोक सांगतात. बहुतेक वेळा प्रत्यक्षात होतं ते तिसरंच. माणूस राहतो, थोडा खाली सरकून, आणि त्याचं दुःख रोज समोर बसलेलं असतं.

आता तिसरा प्रश्न, आणि तो आपोआपच आला, कारण सहा दिवस खाणारा तो बिलिंगचा भाग काय होता हे विचारणं भागच होतं.

आमच्या धंद्यात अशा भागाला टेक्निकल डेट म्हणतात. डेट म्हणजे कर्ज, तारीख नव्हे. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि कधी कधी एकच असतात. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९२ मध्ये वापरली. तो तेव्हा गुंतवणुकीचा हिशोब ठेवणारं एक सॉफ्टवेअर बनवत होता, त्यामुळे कर्ज आणि व्याज हे शब्द त्याच्या साहेबांना लगेच समजणारे होते. आज घाईने कोड बाजारात नेला तर ते कर्ज काढण्यासारखं आहे, त्यात गैर काही नाही. मात्र ते फेडलं नाही, म्हणजे नंतर कोड नीट केला नाही, तर पुढच्या प्रत्येक बदलावर व्याज पडतं. इथे व्याज म्हणजे तीन दिवसांच्या कामाला लागणारे सहा दिवस.

त्यांचं कर्ज काढलेलं होतं जुलै २०१७ मध्ये, जीएसटी आला तेव्हा. कंपनी तेव्हा लहान होती. १ जुलैची तारीख गाठायची म्हणून कुणीतरी कराचा दर थेट कोडमध्ये लिहिला.

```
tax = amount * 0.12
```

बारा टक्के. एका ठिकाणी लिहिला असता तर चाललं असतं. बिल छापताना, कोटेशन देताना, अहवालात, परत आलेल्या मालाच्या हिशोबात, जिथे जिथे कर लागला तिथे तिथे पुन्हा लिहिला गेला. असे दर ४३ ठिकाणी होते. हा आकडा त्यांना कळला २०२५च्या सप्टेंबरमध्ये, कारण तोपर्यंत कुणी मोजलेच नव्हते.

३ सप्टेंबरला रात्री बातमी आली. बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे जाणार, मुख्य दर पाच आणि अठरा राहणार, काही चैनीच्या आणि हानिकारक वस्तूंना चाळीस. १९ दिवस हातात. आणि ही तारीख हलणारी नव्हती. प्रॉडक्टवाल्यांनी ठरवलेली तारीख आठवडाभर पुढे ढकलता येते, सरकारची नाही. २२ तारखेच्या सकाळी व्यापाऱ्याला नव्या दराने बिल फाडायचं होतं, आणि पुढे महिन्याभराने दिवाळी.

टीममधल्या एकाने सुचवलं की ०.१२ शोधून सगळीकडे ०.०५ करून टाकू. एका संध्याकाळचं काम. हे का चालत नाही, ते त्याने मला समजावून सांगितलं. एक म्हणजे बारा टक्क्यांतल्या सगळ्याच वस्तू पाचवर गेल्या नाहीत, काही अठरावर गेल्या. दुसरं जास्त चिवट. व्यापाऱ्याने १० सप्टेंबरला बारा टक्क्यांनी विकलेला माल १० ऑक्टोबरला परत आला, तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने काढायची असते, कारण मूळ कर त्या दराने घेतलेला आहे. म्हणजे दर फक्त वस्तूवर ठरत नाही, मूळ बिलाच्या तारखेवरही ठरतो. कोड असा हवा.

```
tax = amount * rate_for(item, invoice_date)
```

म्हणजे दर एका कोष्टकात, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे, आणि कोडने तिथून विचारून घ्यायचे. ४३ ठिकाणी हे करायला त्याच्या हिशोबाने पाच आठवडे लागणार होते. हातात तीनही नव्हते.

वरच्यांनी दुसऱ्या टीममधली दोन माणसं देऊ केली. फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. हे वाक्य माहीत असलेले बरेच मॅनेजर अशा वेळी मदत नाकारून मोकळे होतात. याने ती घेतली, पण कोडला हात लावू न देता. त्या दोघांना त्याने जुनी सहाशे खरी बिलं काढायला लावली, ग्राहकांची नावं पुसून. ती नव्या कोडमधून पुन्हा चालवायची आणि जुन्या बिलाशी पैशापर्यंत जुळतात का पाहायचं. जुनी तारीख टाकल्यावर जुनंच उत्तर आलं पाहिजे. या कामाला बिलिंगचा कोड समजावा लागत नाही, आणि पहिल्याच दिवशी पैशांच्या पूर्णांकात गोळाबेरीज करण्याचा एक घोळ त्यातून सापडला.

मग ४३ ठिकाणांची यादी. बिल आणि क्रेडिट नोट यांना लागणारी ११ ठिकाणं पक्की करायची, नव्या कोष्टकावर. उरलेली ३२ तात्पुरती ठिगळं लावून चालवायची. पण प्रत्येक ठिगळासमोर लिहायचं की इथे काय चुकू शकतं आणि चुकलं तर कुणाला दिसेल. “कर्ज काढलं,” तो म्हणाला, “पण यावेळी वहीत लिहून काढलं.”

२२ तारीख गाठली. बिलं बरोबर निघाली. आणि ऑक्टोबरच्या दहा तारखेला फोन सुरू झाले. सप्टेंबरचा जीएसटीआर-१ भरायची मुदत अकरा तारखेला संपते, आणि व्यापाऱ्यांचे हिशोबनीस आदल्या दिवशी बेरजा जुळवायला बसतात. विक्रीच्या सारांश अहवालातला कर आणि प्रत्यक्ष बिलांवरचा कर जुळत नव्हता. अहवाल परत आलेल्या मालाला नवा दर लावत होता. हे ठिकाण त्या ३२ मध्येच होतं. यादीत त्यापुढे लिहिलं होतं, ‘फक्त अहवाल, नंतर चालेल’.

“ते कुणी लिहिलं होतं?”

“मी,” तो म्हणाला. त्या तासात ‘आम्ही’ तोपर्यंत कधीच गळून पडला होता. “मला वाटलं, अहवाल कोण पाहतो. हिशोबनीस पाहतात, हे आमच्या सपोर्टच्या मुलीला विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं.”

दिवाळीनंतर त्याने उरलेलं कर्ज फेडायला तीन आठवडे मागितले. सेल्सच्या प्रमुखांना नवं मोबाइल अ‍ॅप हवं होतं. इथे बहुतेक इंजिनीअर ‘कोड फार घाण झालाय’ असं सांगतात आणि हरतात, कारण घाण ऐकणाऱ्याला दिसत नाही. याने दोन गोष्टी सांगितल्या. दहा आणि अकरा ऑक्टोबरला सपोर्टला आलेल्या तक्रारी, आणि तरबेज इंजिनीअरचे सहा दिवस. बिलिंगमधलं प्रत्येक काम दुप्पट महाग पडतंय, आणि तुमच्या मोबाइल अ‍ॅपमधली निम्मी कामं बिलिंगमधली आहेत, असं तो म्हणाला. तीन आठवडे मिळाले नाहीत. आठ दिवस मिळाले.

“३२ पैकी किती राहिलीत?”

“एकोणीस.” त्याला आठवावं लागलं नाही. “त्यातली सहा कधीच करणार नाही. जुनी कोटेशनं आहेत, कुणी उघडत नाही. यावेळी विचारून घेतलंय.”

मुलाखतीनंतर आमच्या पॅनेलवरच्या चौघांनी आपापली मतं आधी लिहिली, मग बोललो. दोघांनी नकार लिहिला होता. त्यांचं म्हणणं, हातातली गोष्ट दिसत असताना चार महिने गप्प बसणारा मॅनेजर नको. मी होकार लिहिला होता आणि खाली एक अट. रुजू झाल्यावर पहिले सहा महिने त्याच्या वरिष्ठाने दर महिन्याला एकच प्रश्न विचारावा, ‘कुणाबद्दल काही दिसतंय का, जे अजून त्याला सांगितलेलं नाही?’ वाद बराच वेळ चालला. नकारवाल्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, आणि अजूनही मला तो पूर्ण खोडता येत नाही.

पण ते नंतर. तास संपत आला तेव्हा रिवाजाप्रमाणे मी विचारलं होतं, “तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?” उमेदवार साधारण कंपनीच्या पुढच्या योजनांबद्दल विचारतात.

“ही जागा किती दिवस रिकामी आहे?” त्याने विचारलं.

“पाच महिने,” मी म्हणालो.

त्याने खाली मान घातली आणि समोरच्या कागदावर, डाव्या बाजूला, काहीतरी लिहिलं.